दुकानातील कार्ड यंत्र व बिलिंग संगणकाचे स्वतंत्र नेटवर्क

कार्ड यंत्र व बिलिंग संगणकाचे स्वतंत्र नेटवर्क म्हणजे लहान दुकानात कार्डाने पैसे स्वीकारणारे यंत्र (बोलीभाषेत 'स्वाइप मशीन') आणि बिले करणारा संगणक यांना दुकानातील इतर उपकरणांपासून अलग ठेवणारी रचना. ग्राहकांचे व नोकरांचे फोन, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, दूरचित्रवाणी संच यांसारखी उपकरणे एका नेटवर्कवर आणि पैशांचा व्यवहार करणारी उपकरणे दुसऱ्या नेटवर्कवर ठेवली जातात. दोन्ही नेटवर्क एकाच इंटरनेट जोडणीवर चालू शकतात. मात्र पहिल्यावरील उपकरणाला दुसऱ्यावरील उपकरणापर्यंत पोहोचता येत नाही. मोठ्या आस्थापनांत हे काम व्हीलॅन पद्धतीने होते. लहान दुकानात ते एका जादा राउटरनेही साधते. पण तो राउटर कोणत्या बाजूला व कसा जोडला यावर सर्व अवलंबून असते. चुकीच्या जोडणीतही इंटरनेट सुरळीत चालते, त्यामुळे नेटवर्क वेगळे झालेले नाही हे दुकानदाराच्या लक्षात येत नाही.

## पार्श्वभूमी

पुण्यातील हडपसरसारख्या उपनगरात, पुणे-सोलापूर रस्त्यालगत किंवा मगरपट्ट्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर लहान दुकानांची मोठी दाटी आहे. अशा दुकानात फायबरची जोडणी घेतल्यावर इंटरनेट कंपनीचा माणूस भिंतीवर एक डबा बसवून जातो. फायबरचा मोडेम, राउटर आणि वाय-फाय हे तिन्ही त्या एकाच डब्यात असतात. सुरुवातीला त्याला बिलिंगचा संगणक जोडला जातो. पुढे सीसीटीव्ही बसवणारा आपला रेकॉर्डर त्याच डब्यात खोचतो, बँकेचा माणूस कार्ड यंत्राला त्याच वाय-फायचा पासवर्ड देतो, नोकर तोच पासवर्ड मागून घेतात आणि काही दिवसांनी तो गल्ल्यावरच्या कागदावर लिहिलेला दिसतो. प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे पाहता वाजवी वाटतो. परिणामी मात्र दुकानातील सर्व उपकरणे एकाच 'सपाट' नेटवर्कवर येतात, म्हणजे त्यातील कोणतेही उपकरण इतर कोणत्याही उपकरणाशी थेट बोलू शकते.

यात नेमका धोका कशाला असतो, याबद्दल बराच गैरसमज आढळतो. कार्ड यंत्र तुलनेने सुरक्षित असते. ग्राहकाने दाबलेला पिन यंत्राच्या आतील सुरक्षित भागातच कूटबद्ध होतो आणि आधुनिक यंत्रे बँकेशी होणारा संवादही कूटबद्ध ठेवतात. त्याच वाय-फायवर बसलेल्या एखाद्याला केवळ 'ऐकून' पिन मिळत नाही. कमकुवत दुवा असतो तो बिलिंगचा संगणक. त्यावर ग्राहकांचे फोन क्रमांक, उधारीच्या नोंदी, जीएसटीचा हिशेब आणि बरेचदा बँकेच्या संकेतस्थळाचे साठवलेले पासवर्ड असतात. त्याची विंडोज प्रणाली अनेकदा जुनी असते आणि दुसऱ्या संगणकासाठी एखादा फोल्डर 'शेअर' केलेला असतो. नोकराच्या फोनमधील किंवा रेकॉर्डरमधील घातक प्रणालीला हा फोल्डर दिसला, तर खंडणी मागणारी प्रणाली हिशेबाच्या सर्व फाइली कूटबद्ध करून टाकू शकते. म्हणून लहान दुकानात स्वतंत्र नेटवर्काचा मोठा लाभ कार्ड यंत्राला नव्हे, तर संगणकाला होतो.

सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचा उल्लेख येथे मुद्दाम करावा लागतो. कारखान्यातून येतानाचा पासवर्ड न बदललेले कॅमेरे व रेकॉर्डर हे २०१६ मध्ये पसरलेल्या 'मिराई' या घातक प्रणालीचे मुख्य भक्ष्य होते. चोरीवर नजर ठेवण्यासाठी बसवलेले उपकरणच नेटवर्कात शिरण्याचा मार्ग ठरते, हा विरोधाभास दुकानदारांना सहसा कोणी सांगत नाही.

सपाट नेटवर्कमुळे काय घडू शकते याची दोन मोठी उदाहरणे अमेरिकेतील आहेत. टीजेएक्स या विक्री कंपनीने जानेवारी २००७ मध्ये माहितीची चोरी जाहीर केली. तिच्या एका दुकानातील वाय-फायला डब्ल्यूईपी हे जुने, सहज फुटणारे संरक्षण होते. चोर तेथून आत शिरले, कंपनीच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोहोचले आणि सुमारे ४.५६ कोटी कार्डांची माहिती त्यांच्या हाती लागली. २०१३ च्या अखेरीस टार्गेट या कंपनीच्या सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. तेथे प्रवेश मिळाला तो शीतकरण यंत्रणेची कामे करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या लॉगिनमधून. पुढे गल्ल्यावरील यंत्रांपर्यंत जाण्यास पुरेसा अडथळा नव्हता. दोन्ही ठिकाणी पहिली चोरवाट लहान होती, पण तिथून आतील सर्व खोल्यांची दारे उघडी सापडली.

पुण्यातील वाचकाला यासंदर्भात ऑगस्ट २०१८ मधील कॉसमॉस सहकारी बँकेवरील सायबर हल्ला आठवेल. त्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. मात्र तो हल्ला बँकेच्या व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेवर होता. दुकानातील नेटवर्क कितीही नीट असले तरी त्याला प्रतिबंध झाला नसता. दुकानदाराची जबाबदारी त्याच्या भिंतीच्या आतील भागापुरतीच असते.

## स्वतंत्र नेटवर्क केव्हा लागत नाही

भारतातील अनेक कार्ड यंत्रांत मोबाइलचे सिम कार्ड असते आणि ती थेट मोबाइल नेटवर्कवरून बँकेशी बोलतात. यूपीआयची रक्कम उच्चारणारा 'साउंडबॉक्स'ही बहुधा असाच चालतो. असे यंत्र दुकानाच्या वाय-फायला जोडलेलेच नसेल, तर ते आधीच वेगळे आहे; त्याला मुद्दाम वाय-फायवर आणून पुन्हा अलग करण्यात अर्थ नाही. तळघरातील किंवा इमारतीच्या आतल्या बाजूच्या गाळ्यात मोबाइलचा संकेत पोहोचत नाही, व्यवहार मध्येच अडकतात, आणि म्हणून यंत्र वाय-फायवर आणले जाते. प्रश्न तेव्हा उभा राहतो. बिलिंगचा संगणक मात्र जवळजवळ नेहमीच दुकानाच्या नेटवर्कवर असतो. त्यामुळे यंत्र सिमवर असले तरी संगणकापुरता पुढील विचार लागू राहतो.

## पीसीआय मानकातील स्थान

कार्डांची माहिती हाताळणाऱ्या सर्वांना पीसीआय डीएसएस हे मानक लागू होते. त्याची पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. अमेरिकन एक्सप्रेस, डिस्कव्हर, जेसीबी, मास्टरकार्ड आणि व्हिसा या पाच कंपन्यांनी २००६ मध्ये स्थापन केलेली परिषद आता ते सांभाळते. नेटवर्काची विभागणी करणे या मानकाने थेट सक्तीचे केलेले नाही. पण विभागणी नसेल तर दुकानातील सर्व नेटवर्क मानकाच्या कक्षेत येते. म्हणजे तत्त्वतः रेकॉर्डर आणि दूरचित्रवाणी संच यांच्यासाठीही नियम पाळावे लागतात. विभागणी केल्यास ही कक्षा आकसते. इंटरनेटवरून चालणारे सुटे कार्ड यंत्र वापरणाऱ्या दुकानांसाठी या मानकात एक तुलनेने छोटी स्वयंतपासणी-प्रश्नावली आहे. ती वापरण्याची एक अट अशी की यंत्र दुकानातील अन्य कोणत्याही संगणकीय उपकरणाशी जोडलेले नसावे. 'अन्य' या शब्दात बिलिंगचा संगणकही येतो. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

## दोन राउटरांची रचना

समजण्याच्या सोयीसाठी हडपसर गाडीतळ परिसरातील एखाद्या किराणा दुकानाचे काल्पनिक उदाहरण घेता येईल. दुकानात इंटरनेट कंपनीने बसवलेला राउटर आहे; त्याचा पत्ता `192.168.1.1`. त्याला केबलने बिलिंगचा संगणक आणि चार कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर जोडलेला आहे. वाय-फायवर कार्ड यंत्र, मालकाचा फोन, तीन नोकरांचे फोन आणि अधूनमधून ग्राहकांचे फोन असतात. बिल छापणारा प्रिंटर व बारकोड वाचक यूएसबीने थेट संगणकाला जोडलेले असल्यामुळे त्यांचा नेटवर्कशी संबंध नाही.

येथे साधारण दीड-दोन हजार रुपयांचा एक साधा वाय-फाय राउटर घेतला जातो. त्याला या लेखात 'दुकानाचा राउटर' आणि आधीच्या डब्याला 'कंपनीचा राउटर' म्हटले आहे. दुकानाच्या राउटरवर एक पोर्ट इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचे असते व त्यावर `WAN` किंवा `Internet` असे लिहिलेले असते. कंपनीच्या राउटरच्या `LAN` पोर्टमधून निघालेली केबल या `WAN` पोर्टात जाते. बिलिंगचा संगणक कंपनीच्या राउटरवरून काढून दुकानाच्या राउटरच्या `LAN` पोर्टात लावला जातो. कार्ड यंत्राला दुकानाच्या राउटरचे वाय-फाय दिले जाते. रेकॉर्डर आणि सर्व फोन मात्र होते तिथेच, कंपनीच्या राउटरवर राहतात.

नव्या राउटरच्या मांडणीत काही गोष्टी ठरवाव्या लागतात. आतील पत्त्यांची मालिका कंपनीच्या राउटरपेक्षा वेगळी असावी. उदाहरणातील दुकानात ती `192.168.20.1` पासून ठेवली आहे. राउटरची कार्यपद्धती `Router` हीच असावी, `Access Point` नव्हे. वाय-फायला डब्ल्यूपीए२ किंवा त्यापुढचे संरक्षण द्यावे. मात्र केवळ डब्ल्यूपीए३ निवडल्यास अनेक जुनी कार्ड यंत्रे जोडली जात नाहीत. अशी यंत्रे सहसा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, म्हणून तो पट्टा बंद करू नये. डब्ल्यूपीएस, यूपीएनपी आणि बाहेरून राउटर नियंत्रित करण्याची सोय या तिन्ही बंद केल्या जातात. राउटरच्या नियंत्रणपृष्ठाचा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डापेक्षा वेगळा असावा. आणि या वाय-फायचा पासवर्ड कोणाच्याही फोनमध्ये, मालकाच्याही, टाकू नये. हा नियम मोडण्याचा मोह सर्वांत आधी मालकालाच होतो. कार्ड यंत्रातील वाय-फायची मांडणी पासवर्डने बंद असल्यास ती बदलण्यासाठी बँकेच्या तंत्रज्ञाला बोलवावे लागते, तेव्हा त्याच्या येण्याची वेळ आधी ठरवून मगच केबली हलवणे सोयीचे.

दिशा उलटी न करणे हा या रचनेचा गाभा आहे. दुकानाच्या राउटरमधील अग्निभिंत आतून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना वाट देते आणि बाहेरून आपणहून आत येऊ पाहणाऱ्या जोडण्या नाकारते. तिच्या दृष्टीने कंपनीच्या राउटरवरील सारे जग, शेजारच्या स्टुलावर बसलेल्या नोकराच्या फोनसह, 'बाहेर'च असते. म्हणून मौल्यवान उपकरणे आतल्या राउटरवर आणि बाकीची बाहेरच्या राउटरवर हवीत. अनेक दुकानांत याच्या नेमके उलट केलेले असते: ग्राहकांसाठी म्हणून नवा राउटर आणला जातो, तो मागे जोडला जातो आणि संगणक जुन्याच डब्यावर राहतो. अशा वेळी ग्राहकाचा फोन 'आत' असतो व संगणक त्याच्या दृष्टीने 'बाहेर'. आतून बाहेर जाण्यास तर परवानगी असतेच, त्यामुळे ग्राहकाच्या फोनला संगणकापर्यंत जाण्याचा मार्ग मोकळा राहतो. पैसे खर्च होतात आणि संरक्षण शून्य राहते.

एका केबलमागे दुसरा राउटर आल्याने पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते. कार्ड यंत्राला याचा त्रास होत नाही, कारण बँकेशी जोडणी ते स्वतः आतून सुरू करते. अडचण येते ती बाहेरून आत येणाऱ्या सोयींची. मालक घरून रेकॉर्डर पाहत असेल तर तो कंपनीच्या राउटरवरच राहिल्यामुळे ती सोय पूर्वीसारखी चालू राहते.

वीज गेल्यावर काय होते याचाही विचार आधीच व्हावा. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची प्रथा आहे, आणि अनेक दुकानांत कंपनीचा राउटर इन्व्हर्टरवर असतो. नवा राउटर साध्या प्लगवर लावला तर वाय-फाय 'चालू' दिसते, फोनवर इंटरनेट येते, पण नेमके कार्ड यंत्रच बंद पडते. मग घाईत यंत्राला पुन्हा जुने वाय-फाय दिले जाते आणि ते कायमचे तिथेच राहते. दोन्ही राउटर एकाच इन्व्हर्टरवर घेणे हा यावरचा साधा उपाय आहे.

## जोडणीतील नेहमीच्या चुका

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे कंपनीच्या राउटरची केबल `WAN` ऐवजी `LAN` पोर्टात खोचणे. तसे केल्यास नवा राउटर केवळ केबलींचा गुणक बनतो. सर्व उपकरणे एकाच नेटवर्कवर राहतात आणि पत्ते वाटणारे दोन राउटर एकमेकांशी भांडू लागतात, म्हणून इंटरनेट कधी चालते तर कधी बंद पडते. खात्री करण्यासाठी बिलिंगच्या संगणकावर पुढील आज्ञा द्यावी.

```
ipconfig
```

इंटरनेट चालू असताना उत्तरात `Default Gateway` समोर `192.168.20.1` दिसल्यास संगणक दुकानाच्या राउटरमागे आहे. `192.168.1.1` दिसल्यास जोडणी फसली आहे, मग वाय-फायचे नाव कितीही नवे असो. नवा राउटर `Access Point` पद्धतीत ठेवला असेल तरी हेच लक्षण दिसते.

दुसरी चूक पत्त्यांच्या मालिकेची. दोन्ही राउटर कारखान्यातून `192.168.1.1` हाच पत्ता घेऊन आलेले असतील, तर आतल्या राउटरला 'हा पत्ता माझ्या आतला की बाहेरचा' हे ठरवता येत नाही आणि इंटरनेट मुळीच चालत नाही. काही राउटर हे ओळखून आपली मालिका आपोआप बदलतात, सर्व नाही.

तिसरा प्रकार चुकीपेक्षा समजुतीचा आहे. कंपनीच्या राउटरवर `Guest` नावाचे दुसरे वाय-फाय सुरू केले की काम झाले, असे मानले जाते. चांगल्या राउटरवर पाहुण्यांच्या वाय-फायला इतर उपकरणे खरोखर दिसत नाहीत, आणि तेवढ्यावर भागतही असेल. परंतु काही राउटरांत दुसरे नाव म्हणजे निव्वळ दुसरे नाव असते. पत्ते त्याच मालिकेतले मिळतात. नावावर विश्वास न ठेवता तपासणी करणे हाच त्यावर मार्ग.

## तपासणी

सहसा दाखवली जाणारी चाचणी अशी: बाहेरच्या वाय-फायवर लॅपटॉप जोडायचा, संगणकाच्या पत्त्याला `ping` करायचे आणि उत्तर आले नाही तर नेटवर्क वेगळे झाले असे समजायचे. ही चाचणी दोन कारणांनी फसवी आहे.

पहिले कारण विंडोजचे. विंडोजची स्वतःची अग्निभिंत बहुधा अशा विचारणेला उत्तर देत नाही, वेगळ्या पत्तामालिकेतून आल्यास तर नाहीच. म्हणजे मध्ये कोणतीही भिंत नसली तरी उत्तर येणार नाही. त्यामुळे लक्ष्य म्हणून उत्तर देणारे उपकरण हवे. एखादा जुना अँड्रॉइड फोन चाचणीपुरता दुकानाच्या वाय-फायवर जोडावा व त्याचा पत्ता टिपून घ्यावा. समजा तो `192.168.20.30` आहे. प्रथम बिलिंगच्या संगणकावरून त्याला `ping` करून तो उत्तर देतो हे पाहावे. जो आतूनच बोलत नाही, तो बाहेरून बोलला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. बाहेरच्या लॅपटॉपला `192.168.20` ही मालिका कुठे आहे हेच माहीत नसते. तो विचारणा कंपनीच्या राउटरकडे पाठवतो आणि ती तिथून पुढे हरवते. दाराला कुलूप आहे म्हणून नव्हे, तर दार सापडले नाही म्हणून पाहुणा परत जातो. जाणत्या घुसखोराला दार शोधता येते. म्हणून खऱ्या चाचणीत लॅपटॉपला वाट दाखवावी लागते. दुकानाच्या राउटरच्या नियंत्रणपृष्ठावर त्याला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता दिसतो. समजा तो `192.168.1.5` आहे. लॅपटॉप केबलने कंपनीच्या राउटरला जोडून, प्रशासकाच्या अधिकाराने पुढील आज्ञा द्याव्यात.

```
route add 192.168.20.0 mask 255.255.255.0 192.168.1.5
ping 192.168.20.30
route delete 192.168.20.0
```

आता विचारणा थेट दुकानाच्या राउटरच्या दारापर्यंत जाते. तरीही उत्तर आले नाही, तर अग्निभिंत खरोखर काम करीत आहे. उत्तर आले, तर तो राउटर पत्त्यांचे भाषांतर करतो पण अडवत काहीच नाही. त्याची अग्निभिंत बंद असेल तर सुरू करावी, अन्यथा तो राउटर या कामाचा नाही. शेवटची आज्ञा तात्पुरती वाट पुसून टाकते. चाचणी झाल्यावर फोनमधून दुकानाच्या वाय-फायचा पासवर्डही काढून टाकावा.

फोल्डर शेअर होतो का, हे स्वतंत्रपणे पाहायचे असल्यास तीच वाट कायम असताना लॅपटॉपच्या पॉवरशेलमध्ये `Test-NetConnection 192.168.20.10 -Port 445` ही आज्ञा द्यावी. येथे `192.168.20.10` हा बिलिंगच्या संगणकाचा पत्ता मानला आहे. `TcpTestSucceeded : False` हे अपेक्षित उत्तर. या चाचणीतही विंडोजची अग्निभिंत मध्ये येऊ शकते, म्हणून फोनची चाचणी आधी होणे आवश्यक आहे.

राउटरची प्रणाली अद्ययावत केल्यावर किंवा इंटरनेट कंपनीने डबा बदलल्यावर मांडणी मूळपदावर जाण्याची शक्यता असते. अशा प्रत्येक वेळी निदान `ipconfig` पाहणे उचित.

## यंत्र आणि संगणक यांच्यातील अंतर

वरील रचनेत कार्ड यंत्र आणि संगणक एकाच आतल्या नेटवर्कवर येतात. पीसीआय मानकाची छोटी प्रश्नावली तर यंत्र कोणत्याही संगणकाशी जोडलेले नसावे असे म्हणते. यावरचा उपाय दुकानाची कामाची रीत पाहून निवडावा लागतो.

दुकानदार बिलाची रक्कम पाहून ती यंत्रावर हाताने दाबत असेल, तर दोन्ही उपकरणांना एकमेकांशी बोलण्याचे कारणच नाही. तेव्हा दुकानाच्या राउटरवरील पाहुण्यांचे वाय-फाय सुरू करून त्यावर फक्त कार्ड यंत्र ठेवता येते. पाहुण्यांसाठीची सोय दुकानातील सर्वांत जपण्याच्या उपकरणाला द्यायची हे विचित्र वाटते, पण तिचे काम 'इंटरनेट द्या, शेजारी दाखवू नका' एवढेच असते आणि यंत्राला नेमके तेवढेच हवे असते.

बिलिंगची प्रणाली रक्कम आपोआप यंत्राला पाठवीत असेल, तर मार्ग कोणता हे विचारावे लागते. ही जोडणी यूएसबी केबलने असू शकते, इंटरनेटवरील सेवेमार्फत असू शकते किंवा दुकानाच्या नेटवर्कवरून थेट असू शकते. पहिल्या दोन प्रकारांत दोन्ही उपकरणे नेटवर्कवर वेगवेगळी ठेवता येतात; इंटरनेटमार्फतच्या प्रकारात निरोप बाहेर जाऊन परत येतो. यूएसबीच्या केबलने मात्र यंत्र संगणकाला जोडलेलेच राहते, म्हणून छोट्या प्रश्नावलीची अट त्या जोडणीत पुरी झाली असे गृहीत धरू नये. तिसऱ्या प्रकारात त्यांना एकत्र ठेवावेच लागते; अलग केल्यास संगणकावर रक्कम 'पाठवली' दिसते आणि यंत्र गप्प राहते. या दुकानांनी कोणती प्रश्नावली लागू होते हे आपल्या बँकेला विचारणे इष्ट.

## मर्यादा

दोन राउटरांच्या रचनेत एक उणीव मूळचीच आहे. दुकानाच्या राउटरची सर्व वाहतूक कंपनीच्या राउटरकडे जाताना फोन व रेकॉर्डर असलेल्या नेटवर्कातूनच जाते. त्या नेटवर्कवरील घुसखोर आतल्या उपकरणांपर्यंत पोहोचू शकत नाही, पण 'मीच कंपनीचा राउटर आहे' अशी बतावणी करून जाणारी वाहतूक आपल्याकडे वळवू शकतो. व्यवहार कूटबद्ध असल्यामुळे त्याला मजकूर वाचता येत नाही. तो वाहतूक अडवू शकतो किंवा संकेतस्थळांच्या पत्त्यांची खोटी उत्तरे देण्याचा प्रयत्न करू शकतो. हे टाळायचे असल्यास तिसरा राउटर घेतात. कंपनीच्या राउटरचे वाय-फाय बंद केले जाते, त्याच्या एका पोर्टावर दुकानाचा आणि दुसऱ्या पोर्टावर फोन व रेकॉर्डर यांचा राउटर येतो, आणि मधल्या तुकड्यावर दुसरे कोणीच राहत नाही. व्हीलॅन जाणणारा एकच राउटर हेच काम अधिक नेटकेपणाने करतो. तो मांडणारा जाणकार जवळ असेल तर तोच पर्याय चांगला. नसेल तर तीन साधे डबे समजायला व दुरुस्त करायला सोपे पडतात.

नेटवर्काची भिंत आतून उघडलेल्या दाराला अडवू शकत नाही. बिलिंगची प्रणाली देणारा तंत्रज्ञ दूरनियंत्रणाच्या ॲपमधून संगणकावर येतो, तेव्हा ती जोडणी संगणकानेच आतून बाहेर सुरू केलेली असते आणि अग्निभिंत तिला जाऊ देते. टार्गेटच्या प्रकरणातील कंत्राटदाराशी हे नाते जवळचे आहे. असे ॲप संगणक सुरू होताच आपोआप चालू न होता, गरज पडल्यावर मालकाने स्वतः उघडावे आणि काम संपल्यावर बंद करावे. पेन ड्राइव्हमधून आलेली फाइल, ईमेलमधील बनावट चलन किंवा गल्ल्यावरील क्यूआर संकेतावर चिकटवलेला दुसऱ्याचा क्यूआर संकेत यांपैकी कशालाही ही रचना रोखत नाही.

संगणकावरील हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवणे हे यापेक्षा स्वतंत्र काम आहे. सतत जोडलेली डिस्क संगणकाबरोबरच कूटबद्ध होते. घुसखोरी झाल्याचा संशय आल्यास प्रथम बिलिंगच्या संगणकाची केबल काढावी. तो संगणक बंद करू नये, कारण बंद केल्यास स्मृतीतील खुणा नाहीशा होतात. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतक्रमांकावर आणि कार्ड यंत्र देणाऱ्या बँकेला तत्काळ कळवावे. कार्ड यंत्र सिमवर चालण्याजोगे असल्यास तेवढा वेळ व्यवहार त्यावर सुरू ठेवता येतात.